पाचवी खोली खाली

मानाजी ढमाले माझ्या समोर राहायचा, पण परमुलखात. ही थट्टा नव्हे. आमच्या देवासात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या गल्लीत रस्त्याच्या अलीकडची घरं धाकटीची, पलीकडची थोरलीची. माझं तंबाखूचं दुकान धाकट्या पातीत, मानाजीची बाखळ थोरल्या पातीत. त्याच्याकडे चहा प्यायला जायचं तर मला रोज एक राज्य ओलांडावं लागे. मी पलीकडे पाय टाकला की ओरडायचो, "मानाजीबुवा, परवाना दाखवू का?" आणि तो वर न बघता म्हणायचा, "तोंडाचा परवाना घरी ठेवून ये, बापू."

त्याचं ऐकायला हवं होतं.

बाखळ म्हणजे एका दरवाजाच्या आत अंगणाभोवती बसवलेल्या खोल्या. ही बाखळ बळवंतराव जगदाळ्यांची. रस्त्याकडे दोन दुकानं, खाली सहा खोल्या, माडीवर तीन, अंगणात विहीर. बळवंतराव स्वतः मात्र मोंबाशाला. आगगाडीच्या गोदामात नोकरी, आफ्रिकेत. गावातली निम्मी माणसं मोंबाशाला इंदूरच्या पुढचं एखादं स्टेशन समजत. जाताना त्यांनी बाखळ मानाजीच्या हवाली केली. महिना चार रुपये पगार आणि माडीवरची एक खोली बिनभाड्यानं. मानाजी पागेत दाणावैरणीचा हिशेब लिहीत असे, त्यामुळे मोडी अक्षर सुरेख. एवढ्या भांडवलावर अकरा वर्षं त्यानं ती बाखळ सांभाळली.

दर इंग्रजी महिन्याच्या पहिल्या तारखेला तो बळवंतरावांना कागद लिही. आम्ही सारे त्याला 'आफ्रिकेचा कागद' म्हणायचो. त्याची मांडणी ठरलेली. पहिल्यांदा वसुली, मग बाकी, मग रिकाम्या खोल्या, मग दुरुस्ती, मग खर्च. शेवटी शिल्लक आणि इंदूरच्या पेढीची पावती. कागद मुंबईला जाऊन आगबोटीत चढे. बळवंतरावांचं उत्तर यायला दीड महिना, कधी दोन. चैत्रात छप्पर गळतं म्हणून लिहावं तर 'दुरुस्त करा' म्हणून ज्येष्ठात उत्तर. त्यामुळे लहानसहान कामं मानाजी स्वतःच्या जबाबदारीवर करी आणि मागाहून पैसा न् पैसा लिहून कळवी. प्रत्येक कागदाची नक्कल वहीत उतरवलेली. विहिरीच्या दोराला बारा आणे लागले तर जुना दोर टांगून ठेवायचा, कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारत नसे. दोर कुजून जायचा.

"अरे, आफ्रिकेतून दोर बघायला कोण येणार आहे?" मी म्हणायचो.

"कुणी येणार नाही म्हणूनच ठेवायचा," तो म्हणायचा. "समोर असलेल्या मालकापाशी कुणीही खरा असतो."

अशा माणसाची चेष्टा करायला काय मजा येते म्हणून सांगू! दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्या खरेपणाला चिमटे काढत बसायचो. त्याची बायको यमुनाबाई माडीवरून ऐके आणि पदराआड हसे. मी तिला वहिनी म्हणायचो. ती माझ्याकडे आमसुलाच्या साराची वाटी पाठवायची. दिवस बरे होते.

त्या वर्षी वैशाखात माडीवरचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचे निघाले. मालव्यात दर दोन वर्षांनी कवेलू उतरवून, फुटके काढून पुन्हा बसवावे लागतात. माकडं आणि वारा त्यांचा जीव घेतात. हे काम तुकाराम करायचा. तुकाराम बाखळीतलाच, पाचव्या खोलीत राही. बायको सुभद्रा, मूलबाळ नाही. मोठा हसरा गडी. आढ्यावर उभा राहून मला हाक मारी, "काँई बापू भिया, तमाखूमें माटी कित्ती मिलाई आज?" मी खालून म्हणे, "तुझ्या आढ्यावरून पडेल तेवढी!"

तो पडला. सकाळचे नऊ वाजले असतील. आढ्याला चुना लावत होता, पायाखालचा कवेलू निसटला आणि तो अंगणातल्या धुण्याच्या दगडावर आला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

जूनच्या कागदात मानाजीनं दुरुस्तीखाली लिहिलं: 'माडीचे कवेलू फेरले. कवेलू, सहा मण चुना व मजुरी मिळून नऊ रुपये. मजूर तुकाराम, पाचव्या खोलीचा भाडेकरू, कामावर असता पडून मयत झाला. त्याची बायको निराधार आहे. आज्ञा व्हावी.'

उत्तर मला पुढे तोंडपाठ झालं. 'मजुराचे वाईट वाटले. चुना सहा मण कशाला लागला, ते कळवावे. भाड्याविषयी आपला नियम आपणांस ठाऊक आहेच.'

नियम असा, की दोन महिन्यांचं भाडं थकलं की खोलीला कुलूप. पाचव्या खोलीचं भाडं महिना सव्वा रुपया. सुभद्रा दळणं करी, लोकांच्या गोधड्या शिवी. त्यात पोट भरे, भाडं निघत नसे.

हे उत्तर आलं जुलैच्या अखेरीस. पण मी जरा पुढे गेलो. मधे जुलैची पहिली तारीख येऊन गेली होती, आणि सगळं झालं ते त्या दिवशी.

त्या सकाळी मानाजी कागद आणि दौत घेऊन माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसला. असा तो कधी बसत नसे. वसुली लिहून झाली होती. 'बाकी' या शब्दापाशी लेखणी थांबलेली.

"काय अडलं?" मी विचारलं.

"पाचवीचे अडीच रुपये बाकी लिहिले की दोन महिने झाले. मीच लिहायचं आणि मीच कुलूप लावायचं. मालकाचं उत्तर अजून यायचंय. आज लिहिलं नाही तर निदान ते उत्तर यायला वेळ मिळेल."

"मग लिहू नकोस. 'रिकाम्या' खाली ढकल. खोली रिकामी म्हण, भाड्याचा प्रश्नच मिटला."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला देवळातली घंटा चोरायला सांगितलं होतं. "बाई आत दळतेय, आणि मी रिकामी लिहू? अकरा वर्षांत एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, बापू."

तेव्हा मला ते सुचलं. थट्टेच्या गोष्टी मला फार पटकन सुचतात.

"मानाजी, पाचवी खोली कुठं आहे? माडीवर?"

"माडीवर कशाला? खाली आहे."

"मग तेच लिही की. 'पाचवी खोली खाली.' बळवंतराव इथलेच, मालव्यातले. इथं खाली म्हणजे काय? कुणी घर विचारत आलं तर आपण काय सांगतो? 'खोली खाली है भिया.' ते वाचतील रिकामी. आणि तू तर मराठीत लिहितोयस. मराठीत खाली म्हणजे माडीच्या खाली. आहे की नाही ती माडीच्या खाली?"

त्यानं लेखणी दौतीत बुडवली. मग हळूच म्हणाला, "हे खोटं नाही ना रे?"

"जा, ओळंबा लावून बघ."

त्यानं लिहिलं. लिहिताना मान खाली होती. मी मात्र मांडीवर थाप मारून हसलो.

तो कागद गेला. 'वसुली सव्वापंधरापैकी पावणेचौदा रुपये. बाकी, माडीवरील दुसरी खोली, दीड रुपया. पाचवी खोली खाली. दुरुस्ती, विहिरीचा दोर बारा आणे. खर्च, झाडू आठ आणे, दिव्याचे तेल चार आणे, कारभाऱ्याचा पगार चार रुपये, टपाल एक आणा. शिल्लक आठ रुपये तीन आणे पेढीत जमा, पावती सोबत.' सगळा हिशेब चोख. त्यात ती एकच ओळ माझी.

मानाजीला वाटलं होतं, एका महिन्याचा प्रश्न आहे. मालकाला दया येईल. मग सहा मण चुन्याचं ते उत्तर आलं, आणि ती ओळ काढायची कशी? ऑगस्टच्या कागदात पुन्हा 'पाचवी खोली खाली'. सप्टेंबरातही तेच. तिकडून विचारणा आली: 'खोली खाली का राहते? आतून चुना फिरवावा व भाडे एक रुपया करावे.' चुना आणला, तीन आण्यांचा. सुभद्रेनंच खोलीला फिरवला. मानाजीनं लिहिलं, 'चुना फिरवला, तीन आणे. नवा भाडेकरू आलेला नाही.' हेही खरंच. नवा कुठून येणार, जुनाच आत होता!

"वा!" मी म्हटलं. "आता तू वकिलीची परीक्षा दे."

तो हसला नाही. सप्टेंबरनंतर तो हसायचाच थांबला. कागद लिहायला पूर्वी त्याला अर्धा तास लागे, आता अख्खी सकाळ लागू लागली. मला एकदा म्हणाला, "खोटं बोलणाऱ्याला एकच ओझं असतं. खरं बोलून खोटं सांगणाऱ्याला दोन असतात." मी म्हटलं, "दोन असली तर कावड कर, तोल राहील." मला त्या वेळी ते फार चतुर वाटलं होतं.

सुभद्रेला यातलं काही ठाऊक नव्हतं. मालकानं भाडं माफ केलंय असं यमुनावहिनीनं तिला सांगितलं होतं. दिवाळीला तिनं बळवंतरावांसाठी एक गोधडी शिवली. "आफ्रिकेत थंडी असते का हो बापू?" तिनं मला विचारलं. "फार," मी म्हटलं. ती गोधडी मानाजीच्या पेटीत पडून राहिली. पाठवणार कशी? खाली खोलीतून गोधडी येत नाही.

आणि ही गोष्ट पोटात घेऊन मी रोज दुकानात बसत होतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला विनोद, आणि तो कुणाला सांगायचा नाही! तुम्ही बसून बघा. पहिल्यांदा मी तो खंडोजी न्हाव्याला सांगितला, शपथ घालून. मग साबणवाल्याला. मग शपथ घालायचं राहून जायला लागलं. फाल्गुनात तर गल्लीत कुणी कुणाला 'कुठं आहेस?' विचारलं की उत्तर यायचं, 'खाली!' आणि दोघंही हसायचे. कुणीतरी त्यात वरचा मसाला घातला, मानाजी माडीवर आणि बाई खाली, जिना मधे. तो मसाला मी घातला नाही. पण मी हसलो होतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी खंडोजीच्या दुकानी हजामतीला बसलो होतो. लिंबाच्या झाडाखाली दोन पाट, एकावर मी, दुसऱ्यावर कुणी पाहुणा. धार गावचा आहे, लग्नाला आलाय, एवढं कळलं. जाड मिशा, जरीचा रुमाल मांडीवर. माणूस हसरा वाटला. हसऱ्या माणसापुढे माझा ताबा सुटतो.

"धारेत घरं स्वस्त असतील," मी सुरुवात केली.

"स्वस्त कसली? एक खोली खाली मिळत नाही."

झालं! खंडोजीनं वस्तरा थांबवून माझ्याकडे पाहिलं. डोळे वटारले. मला वाटलं, सांग म्हणतोय.

"आमच्याकडे एक खोली खाली आहे पाहा," मी म्हणालो, "दहा महिने खाली आहे, आणि आत बाई दळतेय!" आणि मग सगळं सांगितलं. मोंबासा, मोडी, ओळंबा, चुना, गोधडी, जिनासुद्धा. पाहुणा असा हसला, की त्याच्या गालाला वस्तरा लागला. रक्त पुसत म्हणाला, "खरंच डोकेबाज! कुणाच्या डोक्यातून निघालं हो हे?"

"या," मी कपाळावर बोट ठेवलं.

त्यानं खंडोजीला दोन आणे जास्त दिले, उठला, रुमाल बांधला आणि सरळ रस्ता ओलांडून बाखळीत शिरला.

"कोण होता रे?" मी विचारलं.

खंडोजीनं वस्तरा पुसला. "मानसिंगराव. बळवंतरावांचा मेहुणा. मी डोळे कशासाठी वटारत होतो, बापू?"

मी धावलो. मला वाटतं, आयुष्यात प्रथमच मी ते राज्य ओलांडताना काही बोललो नाही. अर्धी हजामत झालेली, अर्ध्या तोंडाला साबण. अंगणात मानसिंगराव उभा होता आणि पाचव्या खोलीतून जात्याची घरघर येत होती.

"मानाजी," तो शांतपणे म्हणत होता, "ही खोली कशी आहे?"

मानाजीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरच्या साबणाकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, "भरलेली आहे."

"कागदात काय लिहिता?"

"खाली."

मानसिंगरावानं नक्कलवही मागवली. मानाजीनं ती स्वतः आणून दिली. अकरा वर्षांत कुणी ती मागितली नव्हती. मानसिंगराव पानं उलटत गेला आणि एका जागी थांबला. "हे बघा. तिसरी खोली दोन महिने, रिकामी. दुसरं दुकान, रिकामं. सगळीकडे रिकामी, रिकामी. एका पाचवीलाच खाली. बळवंतरावांना मी किती वेळा सांगितलं, शब्द वाचत जा. ते बेरजा वाचतात."

"भाड्याला पैसा नव्हता हो बाईकडे," मी मधे पडलो. "आणि शब्द माझा होता. मानाजीचा नव्हे."

"तुमचा शब्द मी ऐकला मघाशी," मानसिंगराव म्हणाला. "फार हसलो. जिन्याचं काय आहे, तेही इथं सांगा ना."

जातं थांबलं होतं. सुभद्रा दारात उभी होती. माडीवर यमुनावहिनी उभी होती. मानसिंगरावानं जिना म्हटलं तेव्हा गल्लीतली चार माणसं दरवाजापाशी जमली होती आणि त्यातलं एकही हसलं नाही. जी माणसं आठ महिने हसत होती तीच.

त्याच डाकेनं मानसिंगरावाचं पत्र मोंबाशाला गेलं. मानाजीचंही. त्यानं पहिल्या तारखेची वाट पाहिली नाही. सगळं लिहिलं, माझं नाव सोडून. मी म्हटलं, "माझं नाव घाल." तो म्हणाला, "सही माझी होती."

मग उत्तर येईपर्यंतचे दिवस. आगबोटीला घाई नसते. सुभद्रेनं वाट पाहिली नाही. आठ दिवसांनी सकाळी खोलीला कडी घातलेली दिसली. आत सारवलेलं, जातं धुऊन पालथं. बागलीला नणंदेकडे गेली असं कळलं. मानाजीला सांगितलं नाही, यमुनावहिनीलाही नाही. भाडं माफ झालंय या एका वाक्यावर ती दहा महिने ताठ मानेनं जगली होती. ते वाक्य गेल्यावर तिला तिथं उभंही राहवलं नाही.

आता पाचवी खोली खरोखरच खाली झाली. कुठल्याही भाषेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बळवंतरावांचं पत्र आलं. मानाजीनं ते माझ्या दुकानावर आणलं नाही, मीच माडीवर गेलो. वहिनीनं मला पाहून तोंड फिरवलं. पत्र खाटेवर पडलं होतं. फार मोठं नव्हतं.

'आपल्या अकरा वर्षांच्या चाकरीविषयी मला आदर आहे. दूर राहणाऱ्या मालकाला घर दिसत नाही, कागद दिसतो. कागदावरचा शब्द तपासून घेण्याची पाळी आली, की मग चाकरीत अर्थ राहत नाही. दहा महिन्यांचे भाडे साडेबारा रुपये पगारातून वळते करून घ्यावे. बाखळीचा कारभार मानसिंगराव पाहतील. आपण माडीवरील खोली खाली करावी.'

"बघितलंस?" मानाजी म्हणाला. "त्यालाही येतो तुझा शब्द."

मी म्हटलं, माझ्या घरात मागची खोली आहे, दोघंही या, भाडं नको. मी खरंच म्हणत होतो. उत्तर यमुनावहिनीनं दिलं, पाठमोरी उभी राहून, भांडी गाठोड्यात बांधता बांधता.

"तुमच्या घराला दार असेल, बापू. तुमच्या तोंडाला नाही. आम्ही राहायचं कुठं?"

ती मनावर नावाच्या गावी भावाकडे जायचं म्हणत होती. वयाच्या पन्नाशीत, नवऱ्याला घेऊन, भावजयीच्या चुलीशी. साडेबारा रुपये फेडायला तिनं गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून दिली. सोनाराकडे ती नेण्याचं काम मला सांगितलं नाही. पूर्वी अशी कामं मला सांगायची.

जायच्या दिवशी सकाळी बैलगाडी बाखळीच्या दरवाजाशी उभी होती. सामान फार नव्हतं. सगळ्यात वर ती गोधडी. मानाजी रस्ता ओलांडून माझ्या दुकानी आला, फळीवर बसला. हातात आफ्रिकेचा कागद, शेवटचा. शाई वाळलेली होती.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचला. वसुली पूर्ण. बाकी नाही. दुरुस्ती नाही. खर्चात झाडू, तेल. पगाराच्या जागी, 'घेतला नाही'. टपालाच्या जागी, 'एक आणा, कारभाऱ्याकडून'. साडेबारा रुपये भरणा, पेढीची पावती सोबत. आणि मधे, नेहमीच्या जागी, त्याच्या त्या सुरेख मोडीत:

'पाचवी खोली रिकामी. माडीवरील खोली रिकामी.'

"नीट वाच," मानाजी म्हणाला. "तुला शब्द कळतात. कुठं हसण्यासारखं काही राहिलं असलं तर आत्ताच सांग. मोंबाशाला पोचल्यावर दुरुस्त करता येत नाही."

मी तो कागद दोनदा वाचला. त्यानं माझ्या हातातून तो घेतला, घडी घातली, आणि स्वतःच टपालात टाकायला गेला.